दोन स्टॅक, दोन क्यू आणि खर्चाचा हिशेब

दोन स्टॅक वापरून क्यू करा, हा प्रश्न बहुतेकांना येतो. मार्क जातात ते पुढच्या ओळीला: ‘अमॉर्टाइज्ड खर्च सिद्ध करा.’ म्हणून आज त्यावरच बोलतो.

दोन स्टॅकना `s1` आणि `s2` म्हणू. येणारा प्रत्येक घटक `s1` मध्ये पुश होतो. काढताना मात्र असं:

```
def dequeue():
    if not s2:
        while s1:
            s2.append(s1.pop())
    return s2.pop()
```

यातली `if not s2` ही ओळ गाळणारे खूप. १, २, ३ घातले आणि एक काढला. १ बाहेर आला. `s2` मध्ये वर २, खाली ३. आता ४ घाला आणि पुन्हा काढा. तपासणी नसेल, तर ४ जाऊन २ च्या डोक्यावर बसतो आणि बाहेर येतो ४. क्यूचा क्रमच मोडला! पेपरात कोड तपासायचा तर हीच चाल करून बघा; नुसतं तीन घालून तीन काढले तर ही चूक दिसतच नाही.

आता खर्च. १००० घटक घातले, तर पहिल्या `dequeue` ला २००१ क्रिया लागतात: हजार पॉप, हजार पुश आणि शेवटचा एक पॉप. म्हणजे वर्स्ट केस O(n), हे लिहायला लाजू नका. पण पुढचे ९९९ प्रत्येकी एका क्रियेत निघतात. एका क्रियेचा खर्च एक रुपया धरा आणि घालताना दर घटकामागे तीन रुपये घ्या. एक `s1` मधल्या पुशला लगेच खर्च होतो, उरलेले दोन त्या घटकापाशी ठेवा. तो `s2` मध्ये जाईल तेव्हा त्याचा पॉप आणि पुश त्यातून भागतो. एकदा तिकडे गेलेला घटक परत येत नाही, म्हणून शिल्लक कधी ऋण होत नाही. काढताना वेगळा एक रुपया. म्हणजे m क्रियांचा खर्च जास्तीत जास्त 3m, दर क्रियेला अमॉर्टाइज्ड O(1).

उलट्या प्रश्नात, दोन क्यूंतून स्टॅक करताना, हेच वाक्य चिकटवणारे फसतात. नेहमीच्या पद्धतीत पॉपसाठी शेवटचा सोडून सगळे दुसऱ्या क्यूमध्ये हलवतो. हजार घटकांना ९९९ हलवाहलवी, मग ९९८, मग ९९७. सगळे काढेपर्यंत 4,99,500. स्टॅकमधून ओतलं की क्रम उलटतो आणि ते काम पुढच्यांना उपयोगी पडतं. क्यूमधून क्यूत क्रम तसाच राहतो. पुढचा पॉपही पुन्हा तळ गाठतो, त्यामुळे सरासरी काढूनही O(n) च येतं.

पॉप स्वस्त हवा असेल तर पुश महाग करा: नवा घटक रिकाम्या क्यूत आधी घाला, त्यामागे जुने सगळे, मग क्यूंची नावं बदला. आता पॉप O(1), पुश O(n). उत्तरात कोणतं महाग केलंत ते आधी लिहा. खरं तर दुसरी क्यू लागतही नाही. घटक घातल्यावर जुने सगळे एकेक करून पुढून काढून मागे लावले तरी तेच होतं. पण प्रश्नात दोन म्हटलं असेल तर दोनच वापरा.