लाल खांब कोणाच्या नावावर?

नफा गेल्या वर्षी 80 लाख, यंदा 84 लाख, हे मधले 4 लाख कुठून आले ते वॉटरफॉल चार्टमध्ये दाखवायचं, हा आजचा विषय. चार्ट तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, डावीकडे गेल्या वर्षीचा खांब, उजवीकडे यंदाचा आणि मधे तरंगणारे हिरवे-लाल तुकडे. पण आधी एका फाउंड्रीतल्या मीटिंगचं सांगतो, कारण ते अजून डोक्यातून जात नाही. आकडे सोपे केलेत.

गेल्या वर्षी 1000 टन कास्टिंग, भाव टनाला 90 हजार, स्क्रॅप-वीज वगैरे खर्च टनाला 70 हजार. यंदा 1100 टन, भाव 95 हजार, खर्च 76 हजार. पगार-भाडं वगैरे स्थिर खर्च 1 कोटी 20 लाखांवरून 1 कोटी 25 लाख. चार्टमध्ये काय लावलं होतं, तर जादा विक्री हिरवी 90 लाख, भाववाढ हिरवी 55, कच्चा माल लाल 136, स्थिर खर्च लाल 5. बेरीज करा, बरोब्बर 4 येते! म्हणून कोणी शंकाच घेतली नाही. मालकांनी तो भलामोठा लाल खांब बघितला आणि पर्चेसवाल्याला सगळ्यांसमोर झापलं, तो बिचारा मान खाली घालून बसला, आणि सेल्सवाल्याचं कौतुक. मला आजही राग येतो त्याचा.

अहो, जादा 100 टन विकले तर त्यांना माल लागणारच ना? 100 गुणिले 70 हजार, 70 लाख तिथेच गेले. ते पर्चेसच्या नावावर कसे? महागाईमुळे गेले ते टनामागे 6 हजार, 1100 टनांवर 66 लाख. आणि जादा विक्रीतून खरी कमाई टनामागे 20 हजार, म्हणजे 90 नाही, 20 लाख. आता लावा: 80, अधिक 20, अधिक 55, वजा 66, वजा 5. तेच 84, पण गोष्ट वेगळी, 66 पैकी 55 भाववाढीने भरून निघाले आणि 11 अंगावर पडले. त्याच मीटिंगमध्ये खरं तर गिऱ्हाइकाकडे भाव वाढवून मागायची चर्चा व्हायला हवी होती.

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं उरलीत, तर पटकन. जादा टनांना जुना मार्जिन, भाव आणि खर्चाच्या फरकाला यंदाचे टन, ही पद्धत एकदा ठरवली की दरवर्षी तीच ठेवा, नाहीतर दोन वर्षांचे चार्ट शेजारी ठेवून काही कळणार नाही. एकाच भट्टीत पाच प्रकारचा माल असेल तर हलक्या-भारी मार्जिनचा कुठला माल जास्त विकला त्याचा खांब वेगळा काढा. ‘इतर’ नावाचा खांब मोठा दिसला तर तो फोडल्याशिवाय मीटिंगला जाऊ नका. आणि एक्सेल 2016 पासून हा चार्ट तयार मिळतो, फक्त शेवटच्या खांबावर राइट क्लिक करून Set as total करायचं, ते विसरलं की 84 वर आणखी 84 चढून खांब 168 पर्यंत जातो.