तेरा मिनिटांचा हिशेब

मंडळी, नमस्कार. आमचा व्यवसाय मसाल्यांचा. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, चार प्रकारच्या चटण्या. माल पुण्यात तयार होतो आणि ऑर्डरी तीन वाटांनी येतात: आमची वेबसाइट, एक मोठं खरेदीचं ॲप आणि व्हॉट्सॲप. रोजच्या ऑर्डरी साठवर गेल्या, तेव्हा ऑफिसातल्या दोघीजणी दिवे लागले तरी उठेनात. जाऊबाई म्हणाल्या, तिसरी मुलगी ठेवू या. मुलगा म्हणाला, ऑर्डरी उतरवून बिल-लेबल काढणारं सॉफ्टवेअर घे. आठवडाभर जेवताना हाच विषय. शेवटी मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून तीन दिवस त्या दोघींशेजारी बसले. त्यात जे दिसलं ते सांगते.

एका ऑर्डरीला सरासरी १३ मिनिटं लागत होती. ऑर्डर एक्सेलमध्ये उतरवून घ्यायला ३, पत्ता आणि पिनकोड तपासायला २, बिल आणि कुरिअरचं लेबल काढायला ३, पॅकिंगला ४ आणि ग्राहकाला ट्रॅकिंग नंबर कळवायला १. साठ ऑर्डरींचे झाले १३ तास. आठ तासांच्या दिवसात चहा, जेवण, फोन वजा जाता एका माणसाचं प्रत्यक्ष काम साडेसहा तासांचं होतं. म्हणजे दोघी काठोकाठ भरल्या होत्या. काठोकाठ भरलेल्या माणसाकडे एक ऑर्डर जरी अडली, तरी तिच्यामागच्या सगळ्या उशिरा जातात, आणि ती थकबाकी दुसऱ्या दिवशीही फिटत नाही. कामात कुणी कुचराई करत नव्हतं. आधी मला तसा संशय आला होता, आणि त्याची खंत अजून वाटते.

आता नव्वद ऑर्डरी धरा. तेरा मिनिटांनी साडेएकोणीस तास, म्हणजे बरोबर तीन माणसं. पगार, दिवाळीचा बोनस, शिकवण्यात जाणारा वेळ धरून तिसऱ्या माणसाचा खर्च महिन्याला साधारण १८ हजार येत होता. सॉफ्टवेअरचं भाडं साडेचार हजार. एवढंच पाहिलं तर निर्णय सोपा वाटतो, पण प्रश्न असा की तेरातली कोणती मिनिटं खरोखर वाचतात?

वेबसाइट आणि ॲपवरच्या ऑर्डरी आपोआप उतरतात, पण आमच्या एक तृतीयांश ऑर्डरी व्हॉट्सॲपच्या. "मागच्या वेळचंच पाठवा, फक्त तिखट कमी" असं लिहिणाऱ्या वहिनींची ऑर्डर माणसालाच वाचावी लागते. म्हणून उतरवण्याची ३ मिनिटं सरासरी १ वर आली. बिल-लेबल अर्ध्या मिनिटावर, ट्रॅकिंग शून्यावर. पत्त्याची २ मिनिटं तशीच राहिली, पॅकिंगची ४ सुद्धा. बेरीज साडेसात. त्या हिशेबाने नव्वद ऑर्डरींना सव्वाअकरा तास लागतात, म्हणजे त्याच दोघींना काम झेपतं आणि थोडा श्वास घ्यायलाही जागा उरते. हाच हिशेब रोजच्या पंचवीस ऑर्डरींवर करून पाहा. सव्वादोन तास वाचतात, आणि तेवढ्या वेळाचा पगार नि सॉफ्टवेअरचं भाडं जवळजवळ सारखंच भरतं. त्या टप्प्यावर असाल तर थांबा.

पत्त्याची दोन मिनिटं का वाचली नाहीत, हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. सरासरी २ असली तरी बहुतेक पत्त्यांना अर्धं मिनिटही लागत नाही. दहातला एखादा-दुसराच दहा-बारा मिनिटं खातो. पिनकोडचे पहिले तीन आकडे मिळून टपालाचा जिल्हा ठरतो. ग्राहकाने गाव नाशिक लिहिलं आणि पिन ४११ ने सुरू झाला, तर तो पिन पुण्याचा आहे एवढं संगणक चटकन पकडतो. पण चुकलंय गाव की पिन, हे फोन केल्यावरच कळतं. "शाळेच्या मागे, दूध डेअरीजवळ" हा पत्ता पुरेसा आहे की नाही, हेही माणूसच ठरवतो. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत आलं तर जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं आपल्या अंगावर पडतं. आमच्या दोघींपैकी एकीचा आवाज आणि धीर दोन्ही चांगले. उतरवून घेण्याचं काम सुटल्यावर तिला मी हे फोन दिले. सगळे नव्हे, यंत्राने बाजूला काढलेले, शिवाय कॅश ऑन डिलिव्हरीच्या मोठ्या ऑर्डरींचे. परत येणारी पार्सलं डोळ्यांना दिसण्याइतकी कमी झाली.

आता चूक सांगते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूला एक कोड द्यावा लागतो आणि तो तिन्ही ठिकाणी जुळवावा लागतो. आमच्याकडे एकाच मालाला "गोडा पाव किलो", "गो. म. २५०" अशी चार नावं होती. ती जुळवायलाच आठ दिवस गेले. तरी तीन पुड्यांचा संच माझ्या हातून एका पुडीच्या कोडला जोडला गेला. सकाळी ३१ पार्सलं बाहेर पडली, प्रत्येकात दोन पुड्या कमी. हाताने लिहिताना चूक झाली तर एक ग्राहक दुखावतो. यंत्रात चुकीची जोडणी झाली की ती सगळीकडे सारखीच, अगदी नीटनेटकी होते, आणि म्हणूनच नजरेला खटकत नाही.

त्यावर उपाय साधा निघाला: वजनकाटा. कोणत्या ऑर्डरीचं वजन किती भरायला हवं हे लेबलच्या कोपऱ्यात छापून येतं. पाव किलोच्या तीन पुड्या आणि खोका मिळून ८७० ग्रॅम. काट्यावर ३७० दिसले की हात थांबतो. दहा सेकंदांचं काम आहे. शिवाय संध्याकाळी चार आकडे शेजारीशेजारी लिहायचे: आलेल्या ऑर्डरी, निघालेली लेबलं, बांधलेली पार्सलं, कुरिअरवाल्याने स्कॅन केलेली पार्सलं. फरक असेल तर त्याचं कारण सापडल्याशिवाय घरी जायचं नाही. आणखी एक, शेवटच्या तीन-चार बरण्या ऑनलाइन दाखवूच नका. दोन ठिकाणचा स्टॉक जुळायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात एकच बरणी दोघांना विकली जाते.

कधी बदलायचं, हेही महत्त्वाचं. दिवाळीच्या तोंडावर मुळीच नको. आम्ही आषाढात सुरू केलं, कारण उन्हाळ्याची मसाल्याची गर्दी ओसरलेली असते. दोन आठवडे जुनं एक्सेल आणि नवं सॉफ्टवेअर दोन्ही चालवलं. काम दुप्पट झालं, दोघी वैतागल्या, पण कोडच्या उरलेल्या चुका त्यातच सापडल्या. दिवाळीत ऑर्डरी तिप्पट होतात, तेव्हा शेजारच्या बचत गटातल्या सहाजणी पाच आठवडे पॅकिंगला येतात. पॅकिंग एका सकाळी शिकवता येतं. बिलं, लेबलं, तीन ठिकाणच्या ऑर्डरी हे पाच आठवड्यांत कुणाला शिकवून होत नाही. म्हणून आमच्याकडे टेबलावरचं काम यंत्राकडे गेलं आणि हातांचं काम माणसांकडे राहिलं.

जाऊबाईंचं म्हणणंही पुढे खरं ठरतंय. साडेसात मिनिटांच्या हिशेबाने दोघींची मर्यादा १०४ ऑर्डरींची. गेल्या महिन्यात रोजची सरासरी ९७ वर गेली. आता उरलेल्या साडेसातांपैकी चार मिनिटं पॅकिंगची आहेत आणि आमच्या आकाराच्या व्यवसायाला परवडेल असं ती कमी करणारं यंत्र मला सापडलेलं नाही. म्हणून या आठवड्यात पॅकिंगचं दुसरं टेबल सांगितलंय, आणि दिवाळीत येणाऱ्या सहाजणींपैकी एकीला कायम कामावर येण्याबद्दल विचारलंय. तिला मुलीची शाळा सुटायच्या आत घरी पोचायचंय, तेव्हा वेळ दहा ते चार ठरतेय.