जोड्याचा आवाज समेवर

नमस्कार मंडळी. पेरणीचे दिवस आहेत, अर्धे जण वावरातून रेडिओ ऐकत असाल, तर आज गाण्याबद्दलच बोलते पण वावरातल्या गाण्याबद्दल.

एका शॉर्ट फिल्मसाठी गाणं करायचं होतं. फिल्म चौदा मिनिटांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शूट केलेली. मृग कोरडा गेलाय, आर्द्रा लागलंय, आणि एक शेतकरी पावसाची वाट पाहतोय, बस एवढीच गोष्ट. डायरेक्टर पोरगा अमरावतीचा, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, ताई, रडारड नको.

मी हो म्हटलं आणि घरी येऊन रडारडीचंच गाणं केलं! म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं नव्हतं. मल्हाराचा आलाप, मागे बासरी, आणि "ये रे मेघा" असं तार सा पर्यंत चढत जाणारं, शेवटी कोरस. ऐकायला छान होतं, खोटं नाही सांगत. पण मल्हार हा आलेल्या पावसाचा राग आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पाऊस यायच्या आधीच मल्हार वाजवला की ऐकणाऱ्याच्या मनात सरी पडून जातात, मग त्या माणसानं वाट पाहिली काय आणि न पाहिली काय.

तर ज्यांच्या वावरात शूटिंग झालं होतं त्या भाऊंना मी ते गाणं ऐकवलं. दुपारची वेळ, ओसरीवर बसलेले, मोबाईल कानाशी धरला आणि पूर्ण ऐकलं. मग हळूच म्हणाले, "ताई, एवढ्या जोरानं कोन बोंबलते? घरात बी पडलं हाय, वरून काई येत नाही, अशा टायमाले मानूस चूप ऱ्हायते. बोललं त घरचे भेते."

मी विचारलं, मग तुम्ही करता काय दिवसभर?

"काय करतो! तिफन पुसतो. दोर वळतो. थैल्या मोजतो, उंदरानं फोडल्या त नाही पाह्यतो. दिवस बुडता बुडता वावरात एक चक्कर मारतो, पायानं माती उकरतो, मंग घरी येतो."

कृषी विभाग दरवर्षी सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तोवर हातात तेवढंच काम उरतं, झालेलं काम परत करायचं. दुबार पेरणी ज्यानं एकदा केलीय तो घाई करत नाही, बी दुसऱ्यांदा कुठून आणायचं हे त्याला माहीत असतं. (ज्वारी गेली आणि सोयाबीन आलं तेव्हापासून कडबा गेला, कडबा गेला तशी बैलं गेली, आता तिफनही फार घरांत दिसत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. यांच्याकडे जोडी होती म्हणून तिफन होती.)

मी रात्री ते सगळं गाणं काढून टाकलं आणि भाऊ जे बोलले तेच लिहिलं. आभाळ नाही, ढग नाही, डोळ्यातलं पाणी नाही. पाऊस हा शब्दच नाही. ऐका,

तिफन पुसली, दोर वळला, पास ठेवली घासून
थैल्या चार, चारच हाये, पाह्यल्या पुन्हा मोजून
धुऱ्यावरचा निंब हालला, हालला न थांबला
वावरातून घरी आलो, जोडा कोरडा काढला

चालसुद्धा तशीच लहान केली. सा रे ग प आणि खालचा ध, एवढेच सूर, आणि सगळ्यात वर जायचं ते प पर्यंत. तार सा ला गेलं की गाणं हाक मारायला लागतं आणि हा माणूस कोणाला हाक मारत नाहीये. ठेका भजनी, आठ मात्रांचा, मिनिटाला साठ मात्रा म्हणजे सेकंदाला एक. एका ओळीला दोन आवर्तनं. हिशोब सोपा आहे, ओळ सोळा सेकंदांची, चार ओळींचं गाणं एक मिनिट चार सेकंद. वाद्य फक्त खंजेरी.

गायला गावातल्याच भजनी मंडळातले आजोबा. आपल्याकडे तुकडोजी महाराजांमुळे खंजेरी भजन गावोगाव आहे, आवाज कमावलेले असतात, पण ते मोकळ्या देवळात गायचे, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे. इथे उलटं पाहिजे होतं. रेकॉर्डिंग कुठं करावं तर भाऊंच्या माजघरात, कारण तिथं अजून न विकलेला कापूस पडला होता, भाव येईल म्हणून ठेवलेला, छताला टेकेल एवढा. कापूस घुमणारा आवाज पिऊन टाकतो. कुठल्याही स्टुडिओच्या भिंतीला हेवा वाटेल अशी ती खोली होती, फक्त पंखा बंद केल्यावर घाम पुसायला थांबावं लागत होतं. माईक तोंडापासून वीतभर, आणि थोडा बाजूला, समोर धरला की प आणि फ ला फटका बसतो. आजोबांचा नातू खरंच बाजूच्या खाटेवर झोपला होता. मी म्हटलं, आजोबा, तो उठला नाही पाहिजे. झालं, पाहिजे तो आवाज आला.

आता मुख्य गोष्ट. गाणं चित्रावर लावून पाहिलं आणि शेवटची ओळ खटकली. पडद्यावर काय आहे? भाऊ उंबऱ्यापाशी जोडा काढतात आणि भिंतीवर दोनदा आपटतात, धूळ पडते. चिखल नाही, धूळ. म्हणजे कोरडं आहे हे डोळ्यांना कळलंच आहे आणि त्याच क्षणी गाणं सांगतंय "जोडा कोरडा काढला". चित्र दाखवतंय ते गाण्यानं सांगायचं नाही. परत सांगते, चित्र दाखवतंय ते गाण्यानं सांगायचं नाही. ओळखायचं कसं? आवाज बंद करून सीन पाहा, मग डोळे मिटून गाणं ऐका. दोन्हीत एकच गोष्ट सापडली की त्यातली एक जास्तीची.

म्हणून ओळ अर्धी कापली. "वावरातून घरी आलो", आणि ते रे वर सोडून दिलं, सा वर आणलंच नाही. नंतरचं अख्खं आवर्तन रिकामं. खंजेरीही नाही. आठ सेकंद. डायरेक्टर घाबरला, म्हणाला ताई बासरी टाकू का हलकीशी, लोकांना वाटेल साऊंड गेला. आठ सेकंद पडद्यासमोर फार मोठे वाटतात, हे त्याचं बरोबर होतं. तेव्हा मी एवढंच केलं, एडिटिंगवाल्याला शॉट थोडा सरकवायला लावला आणि जोड्याचा पहिला आवाज त्या रिकाम्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर आणला. दुसरा दोन मात्रांनी. ज्याच्या कानात ठेका बसलाय त्याला सम मिळते, पण ती जोड्याची. मग बाकीचे पाच-सहा सेकंद माणूस आपोआप थांबतो, बासरी लागत नाही.

एक करू नका, शांतता ठेवायची म्हणून तिच्यात ढगांचा गडगडाट किंवा पावशा पक्षी टाकू नका. "पेर्ते व्हा" ऐकलं की आपल्याकडचा माणूस लगेच पुढचं समजतो आणि वाट पाहणं तिथंच संपतं.

फिल्म पूर्ण झाल्यावर भाऊंना परत नेऊन दाखवली, त्यांच्याच ओसरीवर, लॅपटॉपवर. घरचे सगळे बसले होते. जोडा आपटला, ते आठ सेकंद गेले, कोणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाले,

"ताई, थैल्या चार नोत्या. पाच होत्या."

शब्द तर तेवढ्याच मात्रांचा, पण नुसता शब्द बदलून जमत नाही, बाकीच्या ओळीचा श्वास वेगळा लागतो. आजोबांना परत बोलावलं. मधल्या काळात कापूस विकला गेला होता, खोली घुमायला लागली होती, म्हणून चारही बाजूंनी गोधड्या टांगल्या आणि ती एक ओळ पूर्ण नवीन गाऊन घेतली. आता गाण्यात पाच आहे.