पाइपवाले सहाव्या दिवशी का?

(दृश्य: लांबलचक चर, एका टोकाला खोदाईचं यंत्र)

चारशे मीटरचा चर. आधी खोदायचा, मग त्यात पाइप टाकायचे, सांधे तपासायचे आणि वर माती भरायची. खोदाई रोज ५० मीटर होते, म्हणजे ८ दिवस. पाइप रोज १०० मीटर पडतात, म्हणजे ४ दिवस. मातीभराई ८० मीटरने, ५ दिवस. एक संपल्यावर दुसरं असं धरलं तर १७ दिवस.

(दृश्य: पडद्यावर तीन आडव्या पट्ट्या)

हा गँट चार्ट. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. डावीकडे कामं, वर दिवस. पट्टी जिथे सुरू होते तो कामाचा पहिला दिवस, आणि तिची लांबी म्हणजे लागणारे दिवस. दोन पट्ट्या एकावर एक आल्या, तर त्या दिवशी दोन्ही कामं एकाच वेळी चालू.

आता मोह होतो. दोन दिवसांत १०० मीटर चर तयार आहे, मग तिसऱ्या दिवशीच बोलवा पाइपवाल्यांना! चौथ्या दिवशी संध्याकाळी चर २०० मीटर, पाइपही २०० मीटर. पाचव्या दिवशी क्रेन उभी, माणसं उभी, भाडं मात्र चालू.

मागून येणारं काम जास्त वेगाचं असेल, तर त्याची पट्टी शेवटाकडून बांधायची. खोदाई आठव्या दिवशी संपणार, पाइप नवव्याला संपवायचे. तिथून चार दिवस मागे मोजा: सुरुवात सहाव्या दिवशी. मातीभराई पाइपांपेक्षा हळू चालते, ती पाइपांना गाठणारच नाही. म्हणून तिची पट्टी सुरुवातीकडून बांधायची. एक दिवस मागे, सातव्याला. अकराव्या दिवशी काम पुरं.

याची किंमत आहेच. पाइपवाले येईपर्यंत २५० मीटर चर उघडा राहतो. पाऊस आला आणि माती कच्ची असली, तर कडा ढासळतात. तशा जमिनीत मी तरी क्रेनचं एक-दोन दिवसांचं भाडं सोसून चर लवकर बुजवेन.

(दृश्य: चराच्या तळाशी खडक, यंत्राचा दात घासल्याचा आवाज)

चौथ्या दिवशी खडक लागला. दोन दिवस फक्त २५-२५ मीटर. पाचव्या दिवशी संध्याकाळी चार्टवर आजचा दिवस दाखवणारी उभी रेघ खोदाईच्या पट्टीवर निम्म्याच्या बरीच पुढे गेलेली दिसते, पण टेप लावला तर चर २०० मीटर, नेमका अर्धा. पट्टी दिवस मोजते, मीटर मोजत नाही. म्हणून पट्टीच्या आत झालेलं काम वेगळ्या रंगाने भरतात. रंग आजच्या रेघेच्या मागे राहिला, की काम रेंगाळलंय.

पुढे खडक नाही असं धरलं, तर उरलेल्या २०० मीटरला चार दिवस. खोदाई नवव्याला संपेल. पाइप सहाऐवजी सातव्याला, भराई आठव्याला, शेवट बाराव्याला.

(दृश्य: मुकादम फोन कानाला लावतो)

"उद्या नको, परवा या. हो, क्रेनवाल्यालाही सांगा."