चिठ्ठी आणि पडदा

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, किंचित संपादित)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा 'अज्ञानाचा पडदा' काय आहे हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असणार. आपण समाजात कोण असणार हे ठाऊक नसताना नियम करायचे, म्हणजे ते न्याय्य होतात. इतकं सांगून मी खाली बसलो तर चहा लवकर मिळेल. पण बहुतेक जण याला लॉटरी समजतात, आणि माझा वाद तिथेच आहे. आधी आमच्या सोसायटीचं सांगतो.

आमची जुनी इमारत पाडून नवी बांधली. सहा मजले, मजल्यावर चार, एकूण चोवीस फ्लॅट, सगळे एकाच मापाचे. कुणाला कुठला मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं. मी सभेत उठून म्हणालो, चिठ्ठ्या उचलायच्या आधी लिफ्टच्या खर्चाचा नियम ठरवून टाका. सेक्रेटरी म्हणाले, "काका, आधी घरं तर कळू द्या, मग नियमांचं बघू." टाळ्या. माझ्या विरोधात टाळ्या पडायची ती काही पहिली वेळ नव्हती.

मग एका पाच वर्षांच्या मुलीने स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. मला सहावा मजला आला. पुढच्या रविवारी लिफ्टच्या खर्चाची सभा बसली आणि सव्वातीन तास चालली. पहिल्या मजल्यावरचे चौघे म्हणाले, आम्ही जिना वापरतो, आम्ही का भरायचं? त्यातल्या एका बाईंचे गुडघे असे, की जुन्या इमारतीत लिफ्ट हवी म्हणून दहा वर्षं त्याच भांडत होत्या! आता त्यांना जिन्याचे फायदे दिसायला लागले. मी उठून 'समान जबाबदारी' या विषयावर बोललो. चांगलं बोललो असं माझं मत आहे. बसताना शेजारचे गृहस्थ कानाशी लागले, "पहिला मजला आला असता तर हेच बोलला असतात का?" मी घरी गेलो, जेवलो नाही. (हिला वाटलं पित्त झालं.)

हे झालं पडदा उठल्यावरचं भांडण. प्रत्येकाला आपला मजला माहीत, त्यामुळे प्रत्येकाचं तत्त्वज्ञान त्या मजल्याएवढं. आता माझं ऐकलं असतं आणि नियम आधी केले असते, तर लिफ्टचा प्रश्न पाच मिनिटांत मिटला असता. पण पार्किंगचा? जागा पंधरा होत्या, आणि आपल्याकडे गाडी आहे की नाही हे चिठ्ठी काढायच्या आधीही प्रत्येकाला माहीत होतं. म्हणजे आमचा पडदा मलमलीचा, आरपार दिसणारा.

रॉल्सचा जाड आहे. १९७१ साली पुस्तकात त्याने तो सविस्तर मांडला. पडद्यामागे तुम्हाला तुमचा पैसा, वंश, लिंग माहीत नाही. तुमची हुशारी, अंगचे गुण माहीत नाहीत. तुमचा धर्म, चांगल्या आयुष्याची तुमची कल्पना, आणि तुमचा स्वभाव जोखीम घेणारा आहे की जपून पावलं टाकणारा, हेसुद्धा नाही. अर्थव्यवस्था कशी चालते, माणसं साधारण कशी वागतात, एवढं मात्र ठाऊक आहे. आणि लक्षात घ्या, ही माणसं संत नाहीत. प्रत्येक जण स्वतःचंच बघतोय. फक्त 'स्वतः' म्हणजे कोण, ते कळायला मार्ग नाही. त्यामुळे घासाघीस संपते. सगळ्यांना सारखंच माहीत आणि सारखंच अज्ञात, मग एकाने विचार केला काय आणि चोवीसांनी केला काय.

एक आडवळण घेतो. रॉल्स सात वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला. तो वाचला, पण त्याच्यापासून लागण होऊन धाकटा भाऊ गेला. पुढच्याच वर्षी न्यूमोनियाने तसंच दुसऱ्या भावाचं झालं. त्याचा सिद्धांत यातून आला असं मी म्हणणार नाही, असली मानसशास्त्रं मला पटत नाहीत. पण कुणाच्या वाट्याला काय येतं यात ज्याचं त्याचं कर्तृत्व किती, हा प्रश्न त्याला पुस्तकातून शिकावा लागला नसेल.

(अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? पाच? बरं.)

आता कचऱ्याचे डबे. समजा चिठ्ठ्यांआधी असा ठराव आला, की सगळ्या इमारतीचे डबे पहिल्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या खिडकीखाली ठेवायचे, म्हणजे वेगळी खोली बांधायचा खर्च वाचेल. मी काय म्हणेन? चोवीसात एक शक्यता, येऊन येऊन माझ्याच वाट्याला थोडीच येणार? मंजूर! चोवीस जण असंच म्हणतील आणि एक घर वर्षानुवर्षं खिडकी लावून बसेल. लॉटरीत हे होतं, कारण शक्यता मोजता येते.

बुडापेस्टचा जॉन हार्सानी, पुढे नोबेल मिळालेला अर्थतज्ज्ञ, याने रॉल्सच्या बऱ्याच आधी, १९५३ साली, असाच विचार मांडला होता. पण त्याच्या मांडणीत प्रत्येक जागा मिळायची शक्यता सारखी धरलेली. मग शहाणा माणूस सरासरी बघणार. तीन सारख्या आकाराचे गट घ्या आणि जीवनमानाला गुण द्या. पहिल्या व्यवस्थेत २०, ४०, १२०. दुसरीत ३५, ४५, ७०. तिसरीत सगळ्यांना ३०. सरासरी ६०, ५०, ३०. हार्सानी पहिली घेतो. रॉल्स सर्वांत खालच्याकडे बघतो: २०, ३५, ३०. तो दुसरी घेतो. तिसरीत पूर्ण समानता आहे, तरी ती नाही घेत, हे टिपून ठेवा. विषमता चालेल, तळातल्याचं भलं होत असेल तर. त्याचं 'भेदतत्त्व' ते हेच. पण त्याच्या आधी सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्यं आणि संधीची खरी समानता. पैशासाठी स्वातंत्र्य विकता येत नाही.

पण तळाकडेच का बघायचं? हार्सानीचा टोमणा असा, की या नियमाने वागणारा माणूस अपघाताच्या भीतीने रस्ताही ओलांडणार नाही. रॉल्सचं उत्तर, रस्त्यावर हा नियम लावाच कशाला? तो कधी लावायचा, तर शक्यता मोजायला आधार नसेल, तळाची हमी पुरेशी असून त्यावरचं जास्तीचं फारसं महत्त्वाचं नसेल, आणि दुसऱ्या पर्यायांत असं काही होऊ शकत असेल जे सोसवणारच नाही, उदाहरणार्थ गुलामगिरी. शिवाय समाज एकदाच निवडायचा आहे, रस्त्यासारखा रोज नाही.

दुसरी अट मला कच्ची वाटते. वरचं महत्त्वाचं नाही हे पडद्यामागून कळलं कसं? आणि शक्यता अजिबात मोजायच्या नाहीत हे रॉल्सने ठरवलंय, पडद्याने नाही. त्याची कारणं आहेत, पण ती नैतिक आहेत. म्हणजे थोडा न्याय पडदा शिवतानाच आत घातलेला आहे.

शेवटचं, बसतोच. फ्रोलिक आणि ओपनहायमर या दोन अभ्यासकांनी विद्यार्थ्यांचे गट बसवून हे करून पाहिलं. आपल्याला कुठला उत्पन्नगट मिळणार हे माहीत नसताना तत्त्व निवडा, पैसे खरे. बहुतेक गटांनी ना रॉल्स घेतला, ना निव्वळ सरासरी. खाली एक किमान रेषा आखा, मग सरासरी वाढवा, असं ठरवलं. हार्सानीवाले आणि रॉल्सवाले दोघेही यावर आपापला विजय साजरा करू शकतात. मी एवढंच म्हणेन, की पुढे चिठ्ठ्या निघणार आहेत हे त्या मुलांना माहीत होतं. ती चिठ्ठी होती, पडदा नव्हता. आणि चिठ्ठी असूनही त्यांनी कुणाच्या तरी खिडकीखाली डबे ठेवायला सरसकट होकार दिला नाही, याचं मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

आमचे डबे? ते अजून गेटपाशीच आहेत, ठराव पुढच्या सभेत. प्रश्न चहा घेताना विचारा, अध्यक्ष उभे राहिलेत.