दुसऱ्या शेडची किल्ली

(बडोद्यातील मराठी लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आयएसओ ऑडिटची ओपनिंग मीटिंग म्हटलं की आपल्याकडे आधी नाश्त्याची ऑर्डर जाते. जानेवारी असेल तर लिलवा कचोरी. मग चाळीस स्लाइडचं कंपनी प्रोफाइल. सर्टिफिकेशनवाल्यांचा ऑडिटर घड्याळाकडे बघत असतो, कारण ती मीटिंग त्याची असते, आपली नव्हे. ती लीड ऑडिटर चालवतो आणि अर्ध्या तासात संपवतो. आपलं काम आधीच्या तीन आठवड्यांतलं. ते चुकलं की त्या अर्ध्या तासात काय होतं, ते मी एकदा टेबलाच्या या बाजूला बसून पाहिलंय.

मकरपुरा जीआयडीसीतलं व्हॉल्व्ह बनवणारं एक युनिट. माणसं अठ्ठावन्न, पाळ्या दोन. आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट मिळून वर्ष होत आलेलं. पहिलं सर्व्हिलन्स ऑडिट सर्टिफिकेटच्या निर्णयाच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत व्हावं लागतं. इथे मुदत २० फेब्रुवारीची होती. सर्टिफिकेशनवाल्यांच्या मुंबईच्या ऑफिसातून मेल आला: १५ आणि १६ जानेवारी चालेल का? मालकांनी जेवता जेवता मोबाईलवर उत्तर दिलं, 'चालेल.'

आता हसताय, कारण १५ जानेवारी म्हणजे वासी उत्तरायण, हे तुम्हाला माहीत आहे. मुंबईच्या ऑफिसला ते कुठून ठाऊक असणार? त्या दिवशी निम्मे कामगार गच्चीवर पतंग उडवत असतात. ऑडिटरला चालू काम बघायचं असतं, बंद मशीन नव्हे. मी तेव्हा तिथे क्वालिटी सांभाळायचो. फोन करून तारीख २२-२३ करून घेतली. तारीख ठरवताना आधी मुदतीची शेवटची तारीख लिहा, मग आपली कॅलेंडरं काढा: सण, साप्ताहिक सुट्टी, मोठी डिस्पॅच, स्टॉक मोजणी. नवरात्रात तर सकाळी नऊची मीटिंग ठेवूच नका. रात्री दोनला गरब्याहून आलेला सुपरवायझर नऊला काय बोलणार! आणि मुदतीला अगदी चिकटून तारीख घेऊ नका. ऑडिटर आजारी पडला तर सरकवायला जागा राहत नाही.

तारीख पक्की झाल्यावर ऑडिटरचं नाव येतं. प्रतिस्पर्ध्याकडे काम केलेला माणूस असेल तर हरकत घेता येते, पण ती तेव्हाच, गेटवर नाही. मग ऑडिट प्लॅन येतो: कुठल्या तासाला कुठलं खातं. बहुतेक जण तो फाइल करतात. मी तो प्रिंट काढून शॉपवर घेऊन गेलो. प्लॅनमध्ये टेस्टिंग सकाळी साडेअकराला होतं. आमच्याकडे हायड्रो टेस्ट दुसऱ्या पाळीत, साडेतीननंतर व्हायची, कारण सकाळभर असेंब्ली चालायची. म्हणजे साडेअकराला ऑडिटर कोरड्या टेस्ट बेंचसमोर उभा राहून रजिस्टर वाचणार. बॉडीवर दीडपट दाब धरलाय, गेजचा काटा हलत नाही, ऑपरेटर घड्याळ बघतोय, हे त्याला दिसणारच नाही. आम्ही कळवलं, त्याने टेस्टिंग चारला घेतलं आणि खरेदी सकाळी. प्लॅन बदलून मागायला लोक का लाजतात कोण जाणे. तो आधी पाठवतात तो त्यासाठीच.

इतकं सगळं नीट केलं, आणि तरी २२ तारखेला घोळ झाला.

साडेनऊला सगळे बसले. मालक, उत्पादन, खरेदी, स्टोअर, मी, आणि एम.आर., म्हणजे मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह. २०१५च्या आवृत्तीपासून एम.आर. नेमण्याची सक्ती राहिली नाही, तरी आपण तो शब्द सोडलेला नाही. ज्या खात्यात ऑडिटर जाणार त्याचा जबाबदार माणूस खुर्चीवर हवा, एवढाच हजेरीच्या यादीचा निकष. सही झाली, ऑडिटरने सर्टिफिकेटवरचा स्कोप आणि पत्ता वाचून दाखवला, विचारलं, 'यात काही बदल?' मालक म्हणाले, 'काही नाही.' तेवढ्यात मशिनिंगचा सुपरवायझर घाम पुसत आत आला. 'माफ करा साहेब, त्या शेडवरून येता येता उशीर झाला.'

ऑडिटरने पेन खाली ठेवलं. 'कुठली शेड?'

मागच्या गल्लीत सहा महिन्यांपूर्वी भाड्याने घेतलेली. दोन सीएनसी तिथे हलवले होते. व्हॉल्व्हची बॉडी तिथेच मशीन होत होती. सर्टिफिकेटवर तो पत्ता नव्हता, आणि सर्टिफिकेशनवाल्यांना कोणी कळवलंही नव्हतं. साइट वाढली तर लगेच कळवायचं, हे आपण करारात सही करून मान्य केलेलं असतं. ऑडिटरला जागेवर तो पत्ता स्कोपमध्ये घालता येत नाही. तो अधिकार त्याचा नसतोच. त्याने ऑफिसला फोन केला. ती शेड बघितली, रिपोर्टमध्ये लिहिली, पण पत्ता सर्टिफिकेटवर यायला नवा अर्ज आणि जादा अर्धा दिवस लागला. आणि शेड बघायला आम्ही गेलो तर कॅलिब्रेशनच्या कपाटाला कुलूप! किल्ली रजेवर गेलेल्या पोराच्या खिशात. व्हर्नियर समोर, त्याचं प्रमाणपत्र आत.

चूक माझीही होती. प्लॅन घेऊन मी शॉपवर फिरलो, पण फक्त सर्टिफिकेटवरच्या शॉपवर.

तेव्हापासून मी कागदांची यादी दारापासून सुरू करतो. ऑडिटच्या दहा दिवस आधी एक फेरी मारायची. आपला माल ज्या ज्या दारातून जातो ते प्रत्येक दार. प्रत्येक दाराशी तीन प्रश्न: हे सर्टिफिकेटवर आहे का, इथला कागद कुठे आहे, किल्ली कोणाकडे. कागद फार लागत नाहीत. मागच्या वेळच्या एन.सी., म्हणजे ऑडिटरने काढलेल्या त्रुटी, आणि त्या बंद केल्याचे पुरावे, इंटर्नल ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यूचं इतिवृत्त, तक्रारींचं रजिस्टर, हे सर्व्हिलन्समध्ये हमखास बघतात. बाकीचे त्या त्या खात्यात राहू द्या. कॉन्फरन्स टेबलावर चाळीस फायली रचल्या की ऑडिटर खात्यात न जाता तिथेच बसतो, आणि शॉपवरचा माणूस काय करतो ते कोणालाच कळत नाही.

ग्राहकाची ड्रॉइंग्ज गुप्ततेच्या करारात असतील तर ते आधी कळवा. ऑडिटरही गुप्ततेने बांधलेला असतो, पण ग्राहकाची परवानगी आणायला आपल्याला दिवस लागतात. फोटो काढायचे की नाही, तेही आधीच ठरवा. आणि सेफ्टी शूज! त्याचा नंबर विचारा. आमच्या ऑडिटरला दहा नंबर लागत होता, आमच्याकडे आठच्या वरचा जोड नव्हता.

भाषेचंही आधीच बोलून घ्या. आमचा वेल्डर उत्तर प्रदेशचा, टेस्टिंगचा ऑपरेटर पादरा गावचा, सूचना इंग्रजीत. ऑडिटर हिंदी बोलायचा, पण ऑपरेटर दाबाला गुजरातीतच आकडे सांगायचा. सोबत दिलेला माणूस ते हिंदीत सांगत होता. मात्र त्याने फक्त तेवढंच करायचं. उत्तर ऑपरेटरने द्यायचं.

श्रोत्यांतून मघाशी चिठ्ठी आली: कन्सल्टंटला बसवायचं का? बसवा, नाव यादीत निरीक्षक म्हणून लिहा. ऑडिटरने स्टोअरवाल्याला प्रश्न विचारला आणि कन्सल्टंटने तोंड उघडलं, तर त्याला चहा बघायला पाठवा.