फोन कट करू नका म्हणे!

नमस्कार श्रोतेहो. आज एक गोष्ट सांगते. गोष्टीतली माणसं मी रचलेली आहेत, पण फोनवरचा डाव आज जसा खेळला जातो तसाच सांगणार आहे.

मंगळवार पेठेत राहणाऱ्या आक्काआजी, वय एकाहत्तर. मुलगा-सून सकाळीच कामावर गेलेली, नातू पुण्यात इंजिनिअरिंगला. दुपारी साडेबाराला आजी ताकाला फोडणी देत होत्या, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर फोन वाजला. पलीकडं एक पोरगं रडत होतं. "आज्जी... आज्जी, मी बोलतोय..."

आजींच्या हातातली पळी तशीच राहिली. "कोण, ओंकार? काय झालं रं बाळा?"

श्रोतेहो, इथं जरा थांबूया. त्या पोरानं नाव सांगितलंच नव्हतं, नाव आजींनी दिलं. रडण्यात आवाज ओळखू येत नाही, आणि हल्ली कुणाच्या व्हिडिओतला थोडासा आवाज घेऊन तसाच आवाज बनवताही येतो. म्हणून "आवाज त्याचाच होता" यावर विसंबता येत नाही. आणखी एक खूण म्हणजे पोरगं चार-पाच सेकंदच बोलतं आणि लगेच फोन दुसऱ्याच्या हातात जातो. जास्त बोललं तर उघडं पडेल ना!

दुसरा आवाज जाड होता. "इन्स्पेक्टर बोलतोय. तुमच्या ओंकारच्या गाडीनं एकाला उडवलंय. केस नोंदवली तर पोराचं करिअर संपलं. नव्वद हजार पाठवा, समोरच्या पार्टीला देऊन मिटवतो. फोन कट करू नका. घरी कुणाला सांगू नका, आईला धक्का बसेल." फोटोच्या जागी वर्दीतला माणूस होता.

आजींनी विचारलं, "कुठल्या ठाण्यातनं बोलताय?" उत्तर आलं, "वेळ घालवू नका, पोरगं लॉकअपमध्ये आहे."

"फोन कट करू नका" या वाक्यावरच सगळा डाव उभा असतो. फोन चालू असेपर्यंत आजी नातवाला फोन लावणार नाहीत, आणि नातवाला फोन लागला की डाव संपला.

फोन न ठेवताच आजींनी नातवानंच शिकवलेल्या यूपीआयवरून पंचेचाळीस हजार पाठवले. उरलेल्यासाठी ठेवीची पावती शोधायला कपाट उघडलं, तोच शेजारच्या सुमनकाकू विरजण मागायला आल्या. आजींचा पांढराफटक चेहरा बघून त्यांनी खुणेनंच विचारलं, काय झालं? आजींनी फोनवर हात ठेवला आणि कुजबुजल्या, "ओंकारला पकडलंय."

काकूंनी दुसरं काही केलं नाही. आपल्या फोनवरून ओंकारला फोन लावला. तो मेसमध्ये जेवत होता. "काय झालं काकू?"

काकूंनी लगेच १९३० लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभरचा नंबर आहे. तिथं विचारतात पैसे कधी गेले, किती, कुठल्या बँकेतून गेले आणि व्यवहाराचा नंबर काय. यूपीआयच्या पावतीवर बारा आकडी नंबर असतो, तो काकूंनी वाचून दाखवला. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवले जातात. वाटेत जिथं शिल्लक सापडेल तिथं बँक ते गोठवते. म्हणून घाई करायची ती इथं. पंचवीस मिनिटांत तक्रार गेली म्हणून एकतीस हजार अडकले. चौदा हजार एटीएममधून आधीच निघाले होते. अडकलेले पैसेसुद्धा लगेच हातात आले नाहीत, त्यासाठी पोलीस ठाण्यात अर्ज करावा लागला.

आता कुणी विचारेल, पोलीस घरच्यांना फोन करतच नाहीत का? करतात. अटक झाली तर नातेवाइकाला कळवणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नं पोलिसांवर बंधनकारकच आहे. पण ते ठाण्याचं नाव सांगतात. कुणाच्या यूपीआयवर पैसे मागून केस मिटवत नाहीत. म्हणून ठाण्याचं नाव विचारून फोन ठेवायचा, आधी पोराला फोन लावायचा. तो उचलत नसेल तर त्याच्या मित्राला, नाहीतर ११२ ला विचारायचं. खरे पोलीस असतील तर पाच मिनिटांनी तुमच्यासाठी काही बिघडत नाही.

त्या रात्री आजींना जेवण गेलं नाही. "मीच मूर्ख," एवढंच म्हणत बसल्या. सुनेनं जवळ बसून सांगितलं, "आई, तुमच्या जागी मी असते तर मीसुद्धा पाठवले असते." मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, कारण पुष्कळ घरांत म्हातारी माणसं, घरचे रागावतील या भीतीनं तक्रारच करत नाहीत आणि ती पंचवीस मिनिटं निघून जातात.

शनिवारी ओंकार घरी आला. दारातच आजींनी विचारलं, "लहानपणी पन्हाळ्यावर तू काय हरवून आलावतास?"

त्यानं क्षणभर बघितलं. "एका पायातली चप्पल."

"ये आत," आजी म्हणाल्या. "फोनवर पैसे मागितलेस, तर आधी हेच विचारणार."